चाळिशीत नवी भाषा: मुलीसारखं बोलता येईल का?

“माझं वय ४१. नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्षापूर्वी आम्ही जर्मन बोलणाऱ्या देशात राहायला आलो. मुलगी सात वर्षांची आहे. ती इथल्या मुलांसारखंच फाडफाड बोलते आणि माझे उच्चार दुरुस्त करत असते. मी आठवड्याला तीन तास क्लासला जाते. ऑफिसचं काम इंग्रजीत चालतं, घरात मराठी. ‘फीर’ आणि ‘फ्यूर’ यांतला फरक मला नीट ऐकूसुद्धा येत नाही, आणि नामांची लिंगं रोज चुकतात. ओळखीतले एक गृहस्थ म्हणाले, बारा वर्षांनंतर मेंदूतला भाषेचा दरवाजा बंद होतो. हे खरं आहे का? मला कधी मुलीसारखं बोलता येईल, की मी उगाच झगडते आहे?”
— एक आई

प्रिय ताई,

दोन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं आधी देते. बाराव्या वर्षी सगळं बंद होतं, हे खरं नाही. आणि ऐकणाऱ्याला जराही शंका येणार नाही इतकं मुलीसारखं बोलता येईल का, तर बहुधा नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, हे कळलं तर तुमचे ते तीन तास कुठे खर्च करायचे हेही ठरवता येईल.

वयाच्या मर्यादेची कल्पना गाजली ती एरिक लेनबर्ग यांच्या १९६७च्या पुस्तकामुळे. भाषा आपसूक आत्मसात होण्याचा काळ साधारण दोन वर्षांपासून वयात येईपर्यंतचा असतो, असं त्यांनी मांडलं. मात्र त्यांचा भर मुख्यतः पहिल्या भाषेवर होता, आणि हा तपशील पुढे सांगोवांगीत गळून पडला. पहिल्या भाषेच्या बाबतीत वयाचा फटका खरोखरच जबर असतो. रेचल मेबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन खूणभाषा उशिरा शिकलेल्या बहिऱ्या माणसांची तुलना केली. काही जण जन्मापासून बहिरे होते आणि बालपणी त्यांना कुठलीच भाषा पुरेशी मिळालेली नव्हती. काही जण आधी ऐकू-बोलू शकत होते, नंतर बहिरे झाले आणि साधारण तेवढ्याच वयात खूणभाषा शिकले. दुसरा गट पुष्कळ चांगला ठरला. म्हणजे लहानपणी एक भाषा पक्की रुजलेली असली की नंतरची भाषा तिच्या आधाराने वाढते. तुमची मराठी तुमच्या जर्मनला इथे आधारच देते आहे. मूल जन्मतः बहिरं असेल तर त्याला भाषा द्यायला उशीर करू नये, ही या संशोधनातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तुमच्या प्रश्नाचा तिच्याशी थेट संबंध नाही, तरी ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आता दुसऱ्या भाषेकडे वळू. इथे लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक शिकण्याचा वेग, आणि दुसरी शेवटी गाठलेली पातळी.

वेगात मुलं पुढे असतात हा समज मोजून पाहिल्यावर टिकला नाही. कॅथरीन स्नो आणि मारियान हुफ्नागेल-हूले यांनी १९७८मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्या इंग्रजी भाषकांच्या डच भाषेची प्रगती त्यांनी वर्षभर तपासली. त्यात तीन वर्षांच्या मुलांपासून मोठ्या माणसांपर्यंत सगळे होते. सर्वांत झपाट्याने पुढे गेली ती बारा ते पंधरा वर्षांची मुलं. सुरुवातीच्या महिन्यांत प्रौढही आघाडीवर होते. सर्वांत मागे होती ती तीन ते पाच वर्षांची मुलं.

मग तुमच्या घरात उलटं का दिसतं? तास मोजा. मुलगी शाळेत आठवड्याला तीस तास असते असं धरू. वर्षाचे चाळीस शालेय आठवडे धरले तर बाराशे तास झाले, आणि ते सगळे जर्मन बोलणाऱ्या मुलांच्या घोळक्यातले. खेळात घ्यावं असं वाटत असेल तर बोलावंच लागतं. तुमचे आठवड्याचे तीन तास म्हणजे त्याच काळात एकशेवीस. दहापट फरक. शिवाय सात वर्षांच्या मुलीला जेवढे विषय बोलावे लागतात तेवढ्यात ती अस्खलित आहे. घराचा करार वाचणं, डॉक्टरला दुखणं नेमकं सांगणं, कार्यालयात हरकत नोंदवणं हे तिच्याकडून कुणी मागत नाही. तुमच्याकडून मागतात. त्यामुळे आज तुमच्या दोघींमध्ये जे अंतर दिसतं, त्यातलं वयाचं किती आणि तासांचं किती हे वेगळं काढताच येत नाही. माझा अंदाज विचाराल तर तासांचा वाटा बराच मोठा आहे.

शेवटच्या पातळीवर मात्र वयाचा परिणाम दिसतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. २०१८मध्ये जोशुआ हार्टशोर्न, जोशुआ टेनेनबाउम आणि स्टीव्हन पिंकर यांनी इंटरनेटवरच्या एका चाचणीतून जवळजवळ ६ लाख ७० हजार लोकांचं इंग्रजी व्याकरण तपासलं. त्यांच्या हिशेबाने व्याकरण शिकण्याची क्षमता १७.४ वर्षांपर्यंत फारशी घटत नाही, त्यानंतर उतरते. पण व्याकरण पूर्ण मुरायला बरीच वर्षं लागत असल्यामुळे, स्थानिकांची पातळी गाठायची तर सुरुवात दहा-बारा वर्षांच्या आत व्हायला हवी. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांचं ‘बारा’ कदाचित इथून आलं असावं. त्या आकड्याचा अर्थ असा की बाराव्या वर्षानंतर निघालेल्या माणसाला क्षमता उतरण्याआधी सगळा पल्ला गाठायला वेळ पुरत नाही. बाराव्या वर्षी काही बंद होतं, असं त्यात कुठेही नाही. पुढे २०२१मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हीच माहिती पुन्हा तपासली. शिकणाऱ्यांचे गट वेगवेगळे केल्यावर, सगळ्यांना लागू पडेल असं एकच धारदार वय काही टिकलं नाही. अनेकांच्या बाबतीत उतार सावकाश आणि सलग दिसला. मुळात सतराव्या-अठराव्या वर्षाच्या सुमाराला शाळा सुटते, नोकरी किंवा कॉलेज सुरू होतं, दिवसाचा साचाच बदलतो. त्यामुळे उताराचं सगळं कारण मेंदूतच आहे, असं म्हणायला मी तयार नाही.

उंच टोकाला, म्हणजे दुसरी भाषा अगदी उत्तम आलेल्या माणसांचं, काय होतं, हे स्वीडनमधल्या एका अभ्यासातून कळतं. निक्लास अब्राहमसन आणि केनेथ हिल्टनस्टाम यांनी २००९मध्ये तो प्रसिद्ध केला. मातृभाषा स्पॅनिश असलेल्या आणि ‘आपली स्वीडिश अगदी स्थानिकांसारखी आहे’ असं स्वतःला वाटणाऱ्या १९५ जणांचं बोलणं त्यांनी स्वीडिश लोकांना ऐकवलं. बारा वर्षांनंतर सुरुवात केलेल्यांपैकी अगदी थोडेच स्थानिक म्हणून खपले. त्यानंतर निवडक लोकांच्या बारकाईने चाचण्या घेतल्या. गोंगाटात बोललेलं वाक्य ओळखणं, म्हणी पूर्ण करणं, उच्चारातले सूक्ष्म कालावधी मोजणं, अशा. या सगळ्या चाचण्यांत स्थानिकांच्या पट्ट्यात बसेल असा उशिरा सुरुवात केलेला एकही जण निघाला नाही. बालपणी सुरुवात केलेल्यांपैकीही मोजकेच बसले. तुमच्या मुलीच्या भाषेतही कधीतरी असा एखादा बारीक फरक सापडू शकेल, आणि त्याने तिचं काहीही अडणार नाही. म्हणून ‘तिच्यासारखं’ हे माप मी तुमच्यासाठी नाकारते. ‘समोरच्याला परत विचारावं लागू नये’ हे माप घ्या. ते प्रौढांच्या आवाक्यात आहे.

तिथवर पोचायला तुमच्या पत्रातल्या दोन अडचणींपासून सुरुवात करू: ऐकू न येणारा स्वर आणि चुकणारी लिंगं.

आधी स्वर. तो तुम्हाला ऐकू येत नाही याचा तुमच्या चाळिशीशी लोक समजतात तेवढा संबंध नाही. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४मध्ये दाखवलं की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखतात. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांची ती ओळख गेलेली असते. घरात हा फरक कुणी वापरत नाही, म्हणून मेंदू त्याकडे लक्ष देणं सोडतो. मराठीत लहानाचं मोठं झाल्यावर जर्मनमधल्या त्या स्वराचं तुमच्या बाबतीत तेच झालं, आणि तेही तुम्ही पहिला शब्द बोलण्याच्या सुमारास. तुमची मुलगीही एक वर्षाची होईपर्यंत या अर्थाने उशीर करून बसली होती, तरी तिला तो स्वर आला.

कारण कान बहिरा झालेला नसतो. वर्कर यांनीच पुढच्या वर्षी एका सहकाऱ्यासोबत प्रयोग केला. दोन ध्वनींमधला वेळ अगदी थोडा ठेवला, तर इंग्रजी भाषक प्रौढांनाही ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक बऱ्यापैकी पकडता आला. वेळ वाढला की हातून निसटला. फरक कानापर्यंत पोचतो, पण मेंदू तो ध्वनी आपल्या भाषेच्या तयार खणांपैकी जवळच्या खणात टाकतो आणि बारकावा विसरतो. तुम्हाला नवा खण तयार करायचा आहे. तो प्रौढपणी तयार होतो, हे जपानी लोकांना इंग्रजीतला ‘र’ आणि ‘ल’ ऐकायला शिकवताना दिसलं. १९९१मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी सहा जपानी भाषकांना तीन आठवड्यांत पंधरा बैठका दिल्या. एक शब्द ऐकायचा, दोन पर्यायांतला एक निवडायचा, बरोबर की चूक ते लगेच कळायचं. बरोबर उत्तरांचं प्रमाण सुमारे ७८ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेलं. वाढ माफक होती, पण खरी होती. नंतरच्या प्रयोगांत आणखी दोन गोष्टी दिसल्या. सराव एकाच व्यक्तीच्या आवाजावर केला तर शिकणारा तो आवाज शिकतो, नव्या माणसासमोर पुन्हा अडतो. आणि नुसत्या ऐकण्याच्या सरावानेही उच्चार सुधारतात.

मुलगी चूक दाखवते आणि तुम्ही तिच्या मागून शब्द म्हणता, यातून प्रगती का होत नाही ते आता लक्षात येईल. फरक ऐकूच येत नसेल तर अनुकरण कशाचं करणार? शिवाय ती चूक आहे एवढंच सांगू शकते, जिभेचं काय करायचं ते तिला सांगता येत नाही.

तुमच्यासाठी तीन शब्द घेऊ: ‘फीर’ म्हणजे चार, ‘फ्यूर’ म्हणजे साठी, ‘फूर’ म्हणजे वाहनाने गेला. मधला शब्द देवनागरीत लिहिताना मला ‘य’ घालावा लागतो, पण प्रत्यक्षात तिथे ‘य’ नाही. तुमच्या वहीत तो असाच लिहिलेला असेल तर खोडा, त्याला एखादी वेगळी खूण करा. लिहिलेला ‘य’ कानालाही फसवतो.

पाच-सहा जणांकडून हे तीन शब्द फोनवर रेकॉर्ड करून घ्या. बायका, पुरुष, म्हातारी माणसं, मुलं, जितके वेगळे आवाज तितकं चांगलं. एक आवाज मात्र सरावात वापरू नका, राखून ठेवा. मुलीला उलटसुलट क्रमाने ऐकवायला सांगा. तुम्ही शब्द ओळखायचा, तिने बरोबर की चूक एवढंच ताबडतोब सांगायचं. साठ वेळा ऐकायचं, प्रत्येक शब्द वीस वेळा येईल असं. पंधरा-वीस मिनिटं लागतात.

समजा पहिल्या दिवशी साठपैकी एकतीस बरोबर आले. अंदाजाने बोट ठेवलं तरी वीस बरोबर येतात, म्हणजे काहीतरी ऐकू येतं आहे. पण एकूण आकड्यावर थांबू नका, फोड करा. ‘फीर’चे वीसपैकी सतरा बरोबर, ‘फूर’चे नऊ, ‘फ्यूर’चे पाच, आणि चुकलेल्या उत्तरांत बहुतेक या दोघांचीच अदलाबदल, असं निघालं तर ‘फीर’ला काही झालेलं नाही. गोंधळ उरलेल्या दोघांत आहे. मग आठवडाभर ‘फीर’ बाजूला ठेवून फक्त त्या दोघांवर काम करा. आता पर्याय दोनच असल्यामुळे निम्मे बरोबर येणं म्हणजे शून्य प्रगती, हे ध्यानात ठेवा. सुरुवातीला दोन्ही शब्द लागोपाठ, मध्ये अजिबात न थांबता ऐकवायला सांगा. वर सांगितलेल्या कारणामुळे असं ऐकणं सोपं जातं. फरक पकडता यायला लागला की मधलं अंतर वाढवा, आणि मग एकेकटा शब्द ओळखा. अशा सरावाला दिवस नव्हे, आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात आकडा हलला नाही तरी ते नेहमीचंच आहे.

दर रविवारी राखून ठेवलेल्या आवाजावर परीक्षा घ्या. रोजच्या आवाजांवर नव्वद टक्के आणि या आवाजावर साठ टक्के येत असतील, तर तुम्ही रेकॉर्डिंग पाठ केलं आहे, स्वर शिकलेला नाही. उपाय एकच, आणखी नवे आवाज. नव्या आवाजावरही दहापैकी नऊ यायला लागले की नवे शब्द घ्या. ‘श्पीलन’ म्हणजे खेळणं आणि ‘श्प्यूलन’ म्हणजे भांडी विसळणं ही चांगली जोडी आहे, रोज कानावर पडणारी.

बोलण्याचा सराव यानंतर, आधी नाही. लांब ‘ई’ म्हणत राहा, जीभ आहे तिथेच ठेवा आणि फक्त ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. आरशात बघा, ओठांशिवाय काही हलता कामा नये. सुरुवातीला ‘य’ ऐकू आला तर जीभ मागे सरकली असं समजा.

लिंगांचा प्रश्न वेगळा आहे. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत, म्हणून आपल्याला सोपं जाईल असं वाटतं, पण वाटणी जुळत नाही. आपला चमचा पुल्लिंगी आणि त्यांचाही पुल्लिंगी. आपला काटा पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. आपली सुरी स्त्रीलिंगी, त्यांची नपुंसकलिंगी. लहान मूल ‘सुरी’ हा शब्द सुटा शिकत नाही, ते ‘माझी सुरी’, ‘ती सुरी दे’ असंच ऐकतं. प्रौढ माणूस वहीत आधी नाम लिहितो आणि लिंग दाखवणारे ‘डेर, डी, डास’ हे शब्द नंतर चिकटवायला जातो. इथेच घोळ होतो. इन्बाल आर्नॉन आणि मायकेल रॅम्सकार यांनी २०१२मध्ये प्रौढांना एक बनावट भाषा शिकवली. एका गटाला आधी पूर्ण वाक्यं ऐकवली आणि मग सुटी नामं, दुसऱ्याला उलट क्रमाने. दोघांना ऐकायला मिळालं तेवढंच, तरी आधी वाक्यं ऐकलेल्या गटाला लिंगदर्शक शब्द जास्त चांगले आले. नाम आधी सुटं पक्कं झालं की त्याच्या पुढच्या त्या छोट्या शब्दाकडे मेंदू लक्ष देईनासा होतो.

म्हणून शब्दांच्या याद्या बंद करा. नवं नाम आलं की आधी ते तीन-चार छोट्या वाक्यांत ऐका आणि मोठ्याने म्हणा. ‘ती सुरी कुठे आहे’, ‘मला धारदार सुरी हवी’, ‘माझी सुरी हरवली’, अशी. मधल्या वाक्यात विशेषण मुद्दाम आहे, जर्मनमध्ये त्याचं शेपूटही लिंगाप्रमाणे बदलतं. आधी सुटी पाठ केलेली नामं पुन्हा अशीच घ्यावी लागतील, आणि ती नव्या नामांपेक्षा जास्त वेळ खातील. लिंगांच्या चुका सर्वांत शेवटी जातात, काही आयुष्यभर राहतात. लिंग चुकल्याने बोलणं सहसा अडत नाही. स्वर चुकला तर ‘खेळते आहे’ ऐवजी ‘भांडी विसळते आहे’ ऐकू जातं. त्यामुळे पहिले दोन महिने रोजची वीस मिनिटं स्वराला द्या. लिंगांची वाक्यं क्लासच्या गृहपाठात बसवा.

क्लासचे तीन तास आणखी वाढवू नका. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा असं ठिकाण शोधा जिथे जर्मन बोलल्याशिवाय काम पुढे सरकत नाही आणि समोरच्याला इंग्रजीत वळायची सोय नाही. गायनाचा गट, वृद्धांना मदत करणारी संस्था, मुलीच्या शाळेतली पालकांची कामं, काहीही चालेल. समोरचा इंग्रजीत वळला तर जर्मनमध्येच उत्तर द्या आणि जरा हळू बोलायची विनंती करा.

सुट्या ‘फ्यूर’वर दहापैकी नऊ यायला लागले की तोच शब्द वाक्यात, मागे रेडिओ चालू ठेवून ऐका. आकडा खाली येईल. तो पुन्हा आठच्या वर गेला की ‘ओ’ आणि ‘ए’ यांच्या मधल्या स्वराकडे वळा. पद्धत हीच: जीभ ‘ए’ची आणि ओठ ‘ओ’चे.